सात तारखेच्या आत

दसरा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, ३ ऑक्टोबर २०२५ला, खरेदी विभागातल्या एका बाईंचं पत्र माझ्या टेबलावर आलं. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मध्यम कारखान्यात मी पगारपत्रकाचं काम बघतो. टीडीएस जास्त कापल्याच्या तक्रारी दरवर्षी येतात. बहुतेक तोंडी असतात, काही चिठ्ठीवर असतात, आणि बहुतेकांना मी एकच उत्तर देत आलो : टॅक्स नियमाप्रमाणेच कापलाय. या पत्राला ते उत्तर देता आलं नाही. पत्रात एका आकड्यावर बोट ठेवलं होतं, तो आकडा चुकलेला होता आणि चूक माझी होती.

याच बाईंनी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातही एक चिठ्ठी दिली होती. तिच्यात दोन ओळी होत्या. ‘माझ्या पगारातून इन्कम टॅक्स फार जास्त कापला जात आहे. कृपया जादा कापलेली रक्कम परत करावी.’ मी संगणकावर त्यांची टॅक्स शीट उघडली. वर्षाचं अंदाजित उत्पन्न, त्यावरचा कर आणि महिन्याचा हप्ता यांचा मेळ बसत होता. मी तसं कळवून टाकलं आणि विषय संपला. दोन्ही पत्रं एकाच माणसाची आणि एकाच चुकीबद्दलची. पहिलं वाया गेलं आणि दुसऱ्यानं काम केलं. असं का झालं, हे पगारदार माणसाला ठाऊक असावं म्हणून हा लेख.

पगारातून कापला जाणारा टीडीएस हा त्या महिन्याच्या पगारावरचा कर नसतो, हे आधी लक्षात घ्यायला हवं. १९६१च्या आयकर कायद्याचं कलम १९२ मालकाला सांगतं, की कर्मचाऱ्याच्या अख्ख्या वर्षाच्या पगाराचा अंदाज काढ, त्या अंदाजावर वर्षाचा कर काढ आणि तो कर महिन्यांवर वाटून दर पगारात कापत जा. म्हणजे स्लिपवर ‘इन्कम टॅक्स’ या ओळीपुढे दिसतो तो एका मोठ्या अंदाजाचा हप्ता. अंदाज बरोबर तर हप्ता बरोबर. अंदाज चुकला, तर पुढचं सगळं गणित अचूक करूनही हप्ता चुकतो. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं.

बाईंचा महिन्याचा ग्रॉस पगार १,००,००० रुपये. ग्रॉस म्हणजे प्रॉव्हिडंट फंड, व्यवसाय कर वगैरे कापण्याआधीचा. त्यांनी नवी करप्रणाली घेतली होती. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या प्रणालीत पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते आणि करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर रिबेटमुळे कर शून्य होतो. बारा महिन्यांचे १२,००,०००, त्यातून ७५,००० गेले की उरतात ११,२५,०००. कर शून्य. एप्रिल आणि मे महिन्यांच्या स्लिपवर टीडीएसच्या रकान्यात शून्यच होतं.

जूनमध्ये त्यांना आदल्या वर्षीच्या कामाचा ४०,००० रुपयांचा इन्सेन्टिव्ह मिळाला. हा वर्षातून एकदाच येतो. जूनच्या स्लिपवर ग्रॉस झालं १,४०,०००. कुणाच्या पगारात बदल झाला की मी अंदाज नव्यानं काढतो. तेव्हा मी पगारवाढ झालेल्या लोकांचे अंदाज काढत बसलो होतो, आणि त्याच ओघात हीही शीट त्याच सूत्रानं काढली. सूत्र असं होतं : मागच्या महिन्यांत मिळालेला पगार, अधिक चालू महिन्याचं ग्रॉस गुणिले उरलेले महिने. पगारवाढीला हे सूत्र चालतं, कारण वाढलेला पगार पुढेही तोच राहतो. एकदाच मिळणाऱ्या रकमेला ते चालत नाही. एप्रिल-मेचे २,००,००० आणि जून ते मार्च अशा दहा महिन्यांचे दर महिन्याला १,४०,००० धरून १४,००,०००, असं वर्षाचं उत्पन्न झालं १६,००,०००. कागदावर बाईंना दर महिन्याला इन्सेन्टिव्ह मिळू लागला.

पुढचं गणित बरोबरच आहे. १६,००,००० मधून ७५,००० वजा केले की १५,२५,०००. पहिल्या ४ लाखांवर काही नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्क्यांनी ४०,००० आणि वरच्या ३,२५,००० वर १५ टक्क्यांनी ४८,७५०. एकूण १,०८,७५०, त्यावर ४ टक्के उपकर ४,३५०, म्हणजे १,१३,१०० रुपये. दहा महिन्यांवर वाटले की महिन्याला ११,३१०. हा आकडा मी जूनच्या रकान्यात टाकला आणि मार्चपर्यंत ओढून ठेवला. जुलैत त्यांचं ग्रॉस पुन्हा १,००,००० झालं, पण टीडीएसच्या रकान्याला आता कुठलंही सूत्र जोडलेलं नव्हतं. तिथे नुसता आकडा होता, आणि तो तसाच राहिला.

खरा हिशेब किती साधा होता बघा. बारा महिन्यांचे १२,००,००० आणि एकदाच मिळालेले ४०,०००, मिळून १२,४०,०००. वजावटीनंतर ११,६५,०००. १२ लाखांच्या आत. इन्सेन्टिव्ह धरूनही वर्षाचा कर शून्यच.

जूनची स्लिप बघून बाईंना वाटलं, इन्सेन्टिव्हवर टॅक्स लागला असेल. कुणालाही तसंच वाटतं. जुलैची स्लिप आली तेव्हा इन्सेन्टिव्ह नव्हता आणि ११,३१० मात्र होते. शंका तिथे आली आणि ती चिठ्ठी लिहिली गेली. चिठ्ठीतली तक्रार खरी होती, पण तिच्यात मला तपासता येईल असं काही नव्हतं. ‘जास्त’ म्हणजे किती? कशाच्या मानानं? मी शीट बघितली ती शीटपुरतीच. पहिला आकडाच चुकीचा आहे हे मला दिसलं नाही, कारण मी फक्त बेरीज-गुणाकार तपासत होतो.

अकाउंट्सची माणसं या बाबतीत ताठर का असतात, हेही सांगायला हवं. टीडीएस कमी कापला तर कायदा मालकाला कसूरदार धरतो आणि न कापलेल्या रकमेवर महिन्याला १ टक्का व्याज लावतो. कापून वेळेत भरला नाही तर महिन्याला दीड टक्का. जास्त कापला तर मालकाला कसलाच दंड नाही. त्यामुळे टेबलावरचा माणूस नकळत जास्तीच्या बाजूला झुकतो आणि ‘रिटर्न भरा, रिफंड मिळेल’ म्हणून मोकळा होतो. मीही हे कितीतरी जणांना सांगितलं आहे. आज मला ते उत्तर पटत नाही. ज्याच्या घराचा हप्ता आणि मुलांची फी त्याच पगारातून जाते, त्याला पुढच्या वर्षीच्या रिफंडाचा या महिन्यात काही उपयोग नसतो.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांनी पैसे मागितले नाहीत. म्हणाल्या, “सर, माझी टॅक्स शीट प्रिंट करून द्याल का? मला घरी नीट बघायचीये.” मी दिली. एक पानी कागद, त्यात पंधरा-वीस ओळी. ही शीट मागायला बहुतेक लोक बिचकतात, आणि तिथेच त्यांचं नुकसान होतं. स्लिपवर फक्त हप्ता दिसतो, अंदाज दिसत नाही. अंदाज शीटमध्येच असतो. दसऱ्यानंतर तोच कागद परत आला, तेव्हा ‘अंदाजित पगार १,४०,००० × १०’ या ओळीला पेन्सिलीनं गोल केलेला होता आणि सोबत हे पत्र होतं.

दि. ३ ऑक्टोबर २०२५

प्रति,
लेखा विभाग, पगारपत्रक

विषय : आर्थिक वर्ष २०२५-२६च्या पगाराचा अंदाज दुरुस्त करून टीडीएस कमी करण्याबाबत

महोदय,

माझ्या टॅक्स शीटमध्ये जून ते मार्च या दहा महिन्यांसाठी दरमहा १,४०,००० रुपये पगार धरला आहे. जूनच्या पगारात ४०,००० रुपये इन्सेन्टिव्हचे होते. तो वर्षातून एकदाच मिळतो (पत्राची प्रत सोबत जोडली आहे). जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर या तिन्ही महिन्यांचे माझे ग्रॉस १,००,००० आहे.

त्यामुळे माझा वर्षाचा पगार १६,००,००० नसून १२,४०,००० होतो. प्रमाणित वजावट ७५,००० गेल्यावर करपात्र पगार ११,६५,००० राहतो. मी नवी करप्रणाली निवडलेली आहे. बँकेतील ठेवींवर मला वर्षभरात सुमारे १८,००० रुपये व्याज मिळेल. ते धरूनही उत्पन्न १२ लाखांच्या आत राहते आणि कर शून्य येतो.

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत माझ्या पगारातून दरमहा ११,३१० याप्रमाणे ४५,२४० रुपये कापले गेले आहेत. कृपया
ऑक्टोबरच्या पगारापासून कपात थांबवावी,
सप्टेंबरच्या कपातीचे चलन अद्याप भरले नसल्यास ती रक्कम मला परत करावी,
आणि दुरुस्त केलेल्या टॅक्स शीटची प्रत मला द्यावी, ही विनंती.

सोबत : मे, जून व जुलैच्या सॅलरी स्लिप, इन्सेन्टिव्हचे पत्र, टॅक्स शीटची प्रत.

खाली सही, कर्मचारी क्रमांक आणि पॅन. पत्र एवढंच. यात तक्रारीचा सूर कुठे नाही, आणि नेमकी ओळ दाखवलेली असल्यामुळे पळवाटही नाही. मी शीट उघडली, १,४०,०००च्या जागी १,००,००० घातले, इन्सेन्टिव्हचे ४०,००० वेगळ्या ओळीत टाकले आणि खालचा कर शून्य झाला. पाच मिनिटं लागली नसतील.

पत्रातल्या दोन वाक्यांवर मी थोडा थांबतो. एक ठेवींच्या व्याजाचं. आपलं इतर उत्पन्न मालकाला कळवणं ऐच्छिक आहे, पण कर शून्य येतो असा दावा करण्याआधी ते स्वतःपुरतं तरी धरून बघायलाच हवं. बाईंना १२ लाखांच्या रेषेपर्यंत ३५,००० रुपयांची मोकळी जागा होती आणि व्याज १८,००० होतं, म्हणून दावा टिकला. समजा, व्याज ६०,००० असतं. मग करपात्र उत्पन्न १२,२५,००० झालं असतं. रेषेच्या जरा वर गेलेल्यांना कायदा थोडा दिलासा देतो : रेषेच्या वर जितकं उत्पन्न, त्याहून जास्त कर लागत नाही. म्हणजे २५,००० कर, त्यावर उपकर १,०००. पगारापुरता हिशेब करून ‘शून्य’ म्हणणाऱ्याला रिटर्न भरताना हे २६,००० समोर आले असते. शेअर्सच्या विक्रीतून झालेल्या नफ्यावर ठरलेल्या खास दरानं कर लागतो आणि त्याला ही रिबेट मिळत नाही, तेव्हा असा नफा असेल तर तो वेगळा धरावा.

दुसरं वाक्य सप्टेंबरच्या चलनाचं. पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ हीच. महिन्याभरात कापलेला टीडीएस मालकाला पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारजमा करावा लागतो. फक्त मार्चच्या कपातीला ३० एप्रिलपर्यंत मुदत असते. सप्टेंबरचा पगार ३० तारखेला झाला होता आणि पत्र ३ तारखेला आलं. चलन अजून भरायचं होतं. त्यामुळे बाईंचे सप्टेंबरचे ११,३१० रुपये मी पगारपत्रकातच दुरुस्त केले आणि ते त्यांच्या खात्यात परत गेले. पत्र ८ तारखेला आलं असतं तर हे जमलं नसतं.

मग जून, जुलै आणि ऑगस्टचं काय? त्या तीन महिन्यांचे ३३,९३० रुपये सरकारकडे जमा झाले होते. इथे कायद्यात एक चांगली सोय आहे आणि तिला एक मर्यादाही आहे. कलम १९२चं तिसरं उपकलम मालकाला त्याच आर्थिक वर्षात आधीची कमी-जास्त कपात पुढच्या महिन्यांच्या कपातीत जुळवून घेण्याची मुभा देतं. समजा, अशीच चूक दरमहा १,५०,००० ग्रॉस असणाऱ्या माणसाच्या बाबतीत झाली. त्याचा वर्षाचा कर येतो १,५०,८००, म्हणजे महिन्याला साडेबारा हजारांच्या आसपास. त्याच्या पगारातून आधीच्या महिन्यांत ४५,००० जादा गेले असतील, तर पुढचे साडेतीन महिने त्याची कपात बंद ठेवली की हिशेब बरोबर होतो. सरकारकडून काहीही परत आणावं लागत नाही. पुढचं देणं कमी होतं, इतकंच.

बाईंच्या बाबतीत पुढचं देणंच शून्य होतं, त्यामुळे जुळवून घ्यायला काही उरलं नाही. ज्याला वर्षाअखेर थोडाफार कर लागतो त्याचे जादा पैसे त्याच वर्षात पगारातून सुटतात. ज्याला कर लागतच नाही त्याचे, एकदा भरले गेले की, रिटर्न भरेपर्यंत अडकतात. तिमाही विवरण जाण्याआधी जादा भरलेलं चलन काही कार्यालयं इतर कर्मचाऱ्यांच्या कपातीकडे वळवतात आणि पैसे परत देतात, तेव्हा विचारून बघायला हरकत नाही. आमच्याकडे मात्र शिरस्ता असा, की ज्याच्या पगारातून कापून भरलं ते त्याच्याच पॅनवर दाखवायचं. बाईंना मी ते तसंच सांगितलं.

म्हणून मला त्या पहिल्या चिठ्ठीचं वाईट वाटतं. ती ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आली, तेव्हा जुलैचं चलन भरायचं बाकी होतं. तीच चिठ्ठी आकडा घेऊन आली असती, किंवा मी शीट उघडल्यावर पहिला आकडा तपासला असता, तर फक्त जूनचे ११,३१० अडकले असते. दोन महिन्यांच्या उशिरानं आणखी २२,६२० अडकले. यावर व्याज मिळत नाही का, असं बाईंनी मला विचारलं होतं. मिळतं, पण केव्हापासून ते बघायला हवं. रिटर्न मुदतीत भरलं तर रिफंडावर महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळतं, आणि ते आर्थिक वर्ष संपल्यावर, १ एप्रिलपासून मोजलं जातं. जुलै ते मार्च पैसे सरकारकडे होते, त्या नऊ महिन्यांचं काही नाही.

पत्राचं काम झालं तरी बाईंना पुढे दोन गोष्टींवर लक्ष ठेवायचं होतं. पहिली, फॉर्म २६एएस. आयकर खात्याकडे आपल्या पॅनवर किती कर जमा आहे ते त्यात दिसतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यांनी तो उघडला तेव्हा त्यात फक्त जूनचे ११,३१० होते, आणि त्या घाबरून विचारायला आल्या, की जुलै-ऑगस्टचे पैसे तुम्ही भरलेच नाहीत का? भरले होते. कुणाच्या पॅनवर किती ते मालक तिमाही विवरणात कळवतो, तेव्हाच ती रक्कम फॉर्म २६एएसमध्ये उमटते. एप्रिल ते जूनचं विवरण ३१ जुलैपर्यंत जातं, म्हणून जूनची रक्कम दिसत होती. जुलै ते सप्टेंबरचं ३१ ऑक्टोबरपर्यंत जातं, तेव्हा ती नोव्हेंबरात बघा, असं मी सांगितलं.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक. सप्टेंबरची रक्कम त्यांना परत मिळाली होती. ती तिमाही विवरणात चुकून कापलेली म्हणून गेली, तर कागदावर ४५,२४० दिसले असते आणि खात्यात जमा असते ३३,९३०. असा फरक पडला की रिटर्न अडकतं आणि विवरण दुरुस्त करून पुन्हा पाठवावं लागतं. बाईंनी नोव्हेंबरात २६एएस उघडून बघितला. जुलै ११,३१०, ऑगस्ट ११,३१०, सप्टेंबर काही नाही. फॉर्म १६मध्येही ३३,९३० हाच आकडा असायला हवा आणि रिटर्नमध्येही तोच मागायचा, हे त्यांनी वहीत लिहून ठेवलं.

प्रत्येकाची चूक इन्सेन्टिव्हचीच असेल असं नाही. बिनपगारी रजा किंवा प्रसूतीनंतर वाढवलेली रजा घेणाऱ्यांच्या शीटमध्ये न मिळणारा पगारही पुढे धरलेला असतो. त्यांनी पत्रात रजेच्या तारखा आणि त्या महिन्यांत प्रत्यक्ष मिळणारी रक्कम लिहावी. करप्रणालीबद्दल तर दर वर्षी घोटाळा होतो. कर्मचाऱ्यानं काहीच कळवलं नाही तर मालक नवी प्रणाली धरून कापतो, कारण २०२३-२४पासून तीच आपोआप लागू होणारी प्रणाली आहे. ज्याला घरभाडं, गृहकर्जाचं व्याज आणि बचतीच्या वजावटी धरून जुनी प्रणाली फायद्याची आहे, त्याच्या पगारातून मग जास्त जातं. त्यानं दोन्ही प्रणालींचे हिशेब शेजारी शेजारी मांडून, भाड्याच्या पावत्या आणि व्याजाचं प्रमाणपत्र जोडून पत्र द्यावं. काही कार्यालयं वर्षाच्या मध्ये प्रणाली बदलून देत नाहीत. अशा वेळी फार वाद घालू नये. व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला मुदतीत रिटर्न भरताना जुनी प्रणाली निवडता येते, मालकाला काय कळवलं होतं याचं तिथे बंधन नसतं.

हिशेब मांडताना एक चूक मी पुष्कळांची बघितली आहे. हातात येणारा पगार धरून ते उत्पन्न काढतात आणि मग कर फारच जास्त वाटतो. करासाठी ग्रॉस धरायचं. प्रॉव्हिडंट फंडात आपल्या पगारातून गेलेली रक्कमही त्यात येते, आणि नव्या प्रणालीत तिची वजावट मिळत नाही. उलट कंपनीनं सांगितलेल्या वार्षिक पॅकेजमध्ये मालकाचा फंडातला हिस्सा आणि ग्रॅच्युइटी धरलेली असते, तोही आकडा इथे उपयोगाचा नाही. सॅलरी स्लिपवरचं ग्रॉस, तेवढंच घ्यायचं.

१ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा लागू झाला. त्यात पगारावरच्या कपातीचं कलम ३९२ आहे आणि फॉर्मचे क्रमांकही बदलले आहेत. वर्षाचा अंदाज काढून महिन्याला कापण्याची रीत मात्र तीच आहे, त्यामुळे असं पत्र नव्या कायद्याखालीही याच पद्धतीनं लिहावं लागेल. विषयाच्या ओळीत वर्ष बरोबर टाकावं.

मी माझ्या शीटमध्ये आता एक रकाना वाढवला आहे, एकदाच मिळणाऱ्या रकमांचा. इन्सेन्टिव्ह, फरक, बोनस तिथेच जातात आणि त्यांना महिन्यांनी गुणलं जात नाही. टीडीएसच्या रकान्यातही आता ओढलेला आकडा नसतो, दर महिन्याला तो नव्यानं निघतो. पण प्रत्येक कार्यालयात असा रकाना असेल याची खात्री धरू नका. ज्या महिन्यात तुम्हाला बोनस, फरक किंवा इन्सेन्टिव्ह मिळेल, त्याच्या पुढच्या महिन्याची स्लिप पगार झाला त्या दिवशीच उघडा. ग्रॉस खाली आलं आणि टीडीएस तेवढाच राहिला असेल, तर टॅक्स शीट मागून घ्या, आणि पत्र ७ तारखेच्या आत अकाउंट्सला द्या.